माझा ऑफसेट तुम्हाला चालणार नाही

"फोनच्या स्पीकरवर रिदम गेम मस्त जमतो, पण ब्लूटूथ इयरबड लावले की प्रत्येक टॅप चुकतो. यूट्यूबवर तर ओठ आणि आवाज बरोबर जुळतात! तुम्ही ऑफसेट किती ठेवता?"

ऑफसेट म्हणजे आवाजाचा आणि चित्राचा उशीर भरून काढायला गेममध्ये टाकायचा मिलिसेकंदांचा आकडा. मी ठेवते तो आकडा माझ्या फोनचा आणि माझ्या इयरबडचा मिळून आहे. यातलं एक जरी बदललं तरी तो बाद होतो. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, आणि ते अवघड नाही.

आधी यूट्यूबचं सांगते. साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला 150 ते 250 मिलिसेकंद सहज लागतात. व्हिडिओ ॲपला हा उशीर फोनकडून कळतो, मग ते चित्रही तेवढंच थांबवून दाखवतं. दोन्ही सारखेच उशिरा आले की आपल्याला काहीच जाणवत नाही. गेममध्ये मात्र मध्ये तुमचं बोट येतं. osu! या रिदम गेममध्ये टॅप किती अचूक हवा ते OD हा आकडा ठरवतो. OD 8 च्या गाण्यावर 300, म्हणजे एका टॅपचे पूर्ण गुण, मिळवायचे तर टॅप ठोक्याच्या आधी किंवा नंतर 32 मिलिसेकंदांच्या आत पडावा लागतो. तिथे 200 चा उशीर म्हणजे अगदी तालात दिलेला टॅपही वाया.

मोजायच्या गोष्टी दोन आहेत, आणि त्या वेगवेगळ्याच मोजाव्यात. पहिल्यांदा डोळे मिटून फक्त आवाजावर टॅप करा. सुरुवातीचे काही टॅप हात बसेपर्यंतचे असतात, ते सोडून द्या आणि उरलेल्यांची सरासरी घ्या. मग आवाज पूर्ण बंद करून फक्त पडद्याकडे बघत टॅप करा. शक्यतो नुसता लुकलुकणारा ठिपका नको, रेषेकडे सरकत येणारी नोट असू दे. ती कधी पोचणार हे डोळ्याला आधी दिसतं, त्यामुळे मोजमाप जास्त भरवशाचं येतं.

समजा, आवाजावरचे टॅप सरासरी 230 मिलिसेकंद उशिरा नोंदले गेले आणि पडद्यावरचे 40. तुमचा टॅप फोनला कळायला लागणारा वेळ या दोन्ही आकड्यांत आहे. म्हणून वजाबाकी केली की तो निघून जातो, आणि उरलेले 190 म्हणजे आवाज चित्राच्या किती मागे आहे तेवढंच. आता गेमने दोन कामं करायची: चित्र 190 ने मागे सरकवायचं, म्हणजे नोट रेषेवर येते तेव्हाच ठोका ऐकू येईल, आणि टॅपचा निकाल लावताना त्याच्या वेळेतून 230 वजा करायचे. काही गेममध्ये यासाठी दोन वेगळी सेटिंग असतात, काहींत एकच. नुसतं चित्र सरकवून निकाल तसाच ठेवला, तर सगळं दिसायला जुळतं आणि तरीही प्रत्येक टॅप 'लेट' येतो. टीव्हीवर हीच लक्षणं वेगळ्या कारणाने दिसतात. तिथे आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येत असेल, तर बहुधा टीव्ही चित्र आणि आवाज दोन्ही मिळून उशिरा देतो, म्हणून चित्र सरकवायचं कारण नाही, निकालाचाच आकडा बदलायचा. त्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करायचा, मोजायचं ते त्यानंतरच.

अधिक की उणे, हे प्रत्येक गेममध्ये एकसारखं नसतं. वर्णन वाचून अंदाज बांधण्यापेक्षा मुद्दाम 200 टाका आणि टॅप कोणत्या बाजूला पळतात ते बघा.

आकडा टाकल्यावर osu! मध्ये खालची एरर पट्टी बघत एखादं सोपं, ओळखीचं गाणं खेळा. प्रत्येक टॅप किती आधी किंवा नंतर पडला ते ही पट्टी रेघेने दाखवते. रेघा सगळ्या एकाच बाजूला पण घट्ट गोळा झालेल्या असतील, तर ऑफसेट अजून थोडा हलवायचा आहे. दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील, तर ऑफसेट काहीच करू शकत नाही. तो सरासरी हलवतो, फैलाव कमी करत नाही. निकालात दिसणारा Unstable Rate हाच फैलाव सांगतो: 120 म्हणजे 12 मिलिसेकंदांचं प्रमाण विचलन. आणि एकाच गाण्यात सगळं एका बाजूला जात असेल, बाकीची ठीक असतील, तर दोष त्या गाण्याच्या नोटा बसवण्यात आहे. त्यासाठी सगळ्या गेमचा ऑफसेट कृपा करून हलवू नका, त्या गाण्यापुरता बदला.

ब्लूटूथबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. इयरबडचं कनेक्शन तुटून पुन्हा जोडलं गेलं की उशीर बदलू शकतो, म्हणून खेळायच्या आधी पट्टीवर नजर टाकायची. दुसरी गोष्ट टॅपच्या आवाजाची. गाणं कुठे जाणार हे गेमला आधीच माहीत असतं, म्हणून त्याचा उशीर हिशोबात धरता येतो. तुम्ही टॅप केल्यावर वाजणारा 'टक' मात्र टॅपनंतरच जन्माला येतो, तो मागे ओढणार कसा? कानाला तो 200 मिलिसेकंदांनी उशिरा ऐकू येतो आणि हात नकळत घाई करू लागतो. ब्लूटूथवर खेळताना हिटसाउंड बंदच ठेवा. ज्या गेममध्ये तुमच्या टॅपनेच गाण्याचे सूर वाजतात, तिथे मात्र वायरचे इयरफोनच लावा.