‘स्वतःविषयी’चा रकाना

‘ताई, विवाहमंडळाच्या फॉर्ममध्ये “स्वतःविषयी” या रकान्यात काय लिहू? पदव्या मांडल्या तर रटाळ वाटतं, कामाचं सांगितलं तर बढाई वाटते.’

फोंड्यातील माझ्या घरी तरुण डॉक्टर हे विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना माझाच जुना मसुदा दाखवते. मी भूलतज्ज्ञ आहे. त्यात लिहिले होते: ‘अत्यंत जबाबदारीचे आणि तणावाचे काम, रुग्णांचे प्राण माझ्या हाती असतात.’ तो वाचून मावशीने विचारले, ‘म्हणजे तू दिवसभर करतेस काय?’

पदवीला शिक्षणाचा रकाना असतोच, आणि ‘अत्यंत’सारखी विशेषणे काम दाखवत नाहीत, नुसते कौतुक मागतात. म्हणून मी मावशीला पल्स ऑक्सिमीटरविषयी सांगितले. शस्त्रक्रिया चालू असताना तो रुग्णाच्या बोटाला लावलेला असतो. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्याचा आवाज येतो आणि रक्तातील ऑक्सिजन उतरू लागला की त्या आवाजाची पट्टीही उतरते, त्यामुळे पडद्याकडे पाठ करून सिरिंजमध्ये औषध भरत असतानाही घसरण आम्हाला कानांनी कळते. भजनी सप्ताहांत जन्म गेलेल्या मावशीला ‘पट्टी उतरते’ हे लगेच उमगले. रकान्यात जायला हवे होते ते हेच.

नवा मसुदा असा झाला: ‘मी भूलतज्ज्ञ आहे. रुग्णाला झोप लागेपर्यंत त्याच्याशी कोकणीत गप्पा मारते आणि तो जागा होईपर्यंत यंत्राच्या आवाजाची पट्टी उतरत नाही ना, याकडे कान लावून उभी असते. आठवड्यातील दोन रात्री फोन उशाशी असतो. सुटीच्या दिवशी मला दहाच्या आत उठवू नये.’

दोन रात्रींचा उल्लेख मी मुद्दाम ठेवला. ‘कामात व्यग्र’ या शब्दांत तक्रारही असते आणि मोठेपणाही. ‘दोन रात्री’ ही केवळ माहिती आहे आणि समोरच्याला ती पहिल्या भेटीआधीच मिळालेली बरी.

रुग्णाची गोष्ट मात्र, नाव गाळूनही, लिहू नये. अपघात कोणता आणि महिना कोणता एवढे कळले की आपल्या गोव्यात माणूस ओळखायला वेळ लागत नाही. शिवाय ‘मी वाचवले’ हे बहुधा खरेही नसते, कारण त्या खोलीत सर्जन, सिस्टर, वॉर्डबॉय असे सगळेच राबत असतात.

याच कारणाने मसुदा घरच्यांआधी बरोबर काम करणाऱ्या माणसाला वाचायला द्यावा. आमच्या थिएटरमधल्या सिस्टर माझा मसुदा वाचून ‘उभी असते’पाशी हसल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, तुम्ही तर स्टुलावर बसलेल्या असता.’ मी ‘बसते’ केले.