टीव्ही एचडीआर, प्लेअर एचडीआर, तरी चित्र साधंच: माझा अनुभव

नवा ४के ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडला. चित्र लगेच आलं, छानही दिसत होतं. पण डिस्कवर एचडीआर छापलेलं असताना टीव्हीच्या कोपऱ्यात एचडीआरची खूण काही उमटेना. प्लेअरच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं तर पडद्यावर आलं `3840x2160`, `BT.709`, `SDR`. रिझोल्यूशन पूर्ण, पण रंग आणि उजेड जुन्याच मापाचे. म्हणजे डिस्कवरचं एचडीआर प्लेअर स्वतःच साध्या चित्रात बदलून पुढे पाठवत होता. कुठे एररचा मेसेज नाही, काही नाही. चित्र दिसतंय म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

प्लेअरचा यात काही दोष नव्हता. केबल जोडली की टीव्ही आधी आपल्याला काय काय झेपतं त्याची यादी प्लेअरला कळवतो. तांत्रिक भाषेत तिला ईडीआयडी म्हणतात. प्लेअर त्या यादीबाहेरचं काही पाठवत नाही. आणि बऱ्याच टीव्हींचे एचडीएमआय पोर्ट कारखान्यातून येतात ते साध्या फॉरमॅटवर. त्या यादीत एचडीआरचा उल्लेखच नसतो, मग पॅनेल कितीही भारी असो. असं ठेवण्यामागे कारण आहे: काही जुने सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर नवी, लांबलचक यादी वाचून गडबडतात आणि पडदा काळा राहतो किंवा आवाज जातो. कारण पटतं. पण एचडीआर प्लेअर जोडल्यावर टीव्हीने पडद्यावर एक ओळ दाखवली असती तर काय बिघडलं असतं!

ही सेटिंग चित्राच्या मेन्यूत शोधून उपयोग नाही. ती इनपुटच्या मेन्यूत असते. माझ्या टीव्हीवर तिचं नाव `HDMI signal format`, आणि पर्याय `Standard format` व `Enhanced format`. सॅमसंगच्या टीव्हींवर हेच `Input Signal Plus` नावाने असतं, एलजीच्या टीव्हींवर `HDMI Deep Colour` अशा नावाने. प्रत्येक पोर्टची निवड वेगळी असते. माझ्याकडे चार पोर्ट, पण यादीत दिसले फक्त २ आणि ३. बाकीच्या दोघांना ते झेपतच नाही. टीव्हीचा आवाज बाहेर देणारी एआरसीची सोय ३ नंबरवर, त्यामुळे तिथे साउंडबार होता, म्हणून प्लेअर १ वरून काढून २ मध्ये लावला आणि त्या पोर्टला `Enhanced format` दिलं. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला. तरी प्लेअर जुनीच यादी धरून बसला असेल तर तो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. मी तसंच केलं. पुन्हा माहितीचं बटण दाबलं, तर या वेळी `BT.2020` आणि `HDR`, आणि टीव्हीच्या कोपऱ्यात खूणही हजर.

खरी गंमत पुढे झाली. सिनेमा अगदी व्यवस्थित चालायचा, पण तो थांबवून प्लेअरच्या होम मेन्यूत आलं की पडदा मध्येच दोन-तीन सेकंद काळा व्हायचा आणि काळ्या भागात पांढरे ठिपके चमकायचे. सिनेमा ठीक आणि साधा मेन्यू बिघडलेला, हे उलटंच वाटतं. पण हिशेब मांडला की कळतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. ४के एचडीआर असूनही रंगाच्या सेटिंगप्रमाणे त्याला केबलमधून सेकंदाला साधारण ९ ते १३ गिगाबिट लागतात. मेन्यू मात्र ६० फ्रेमने जातो, आणि पूर्ण रंगासह तो जवळपास १८ गिगाबिटला पोचतो, म्हणजे एचडीएमआय २.० च्या कमाल मर्यादेला टेकतो. साध्या फॉरमॅटमध्ये हाच मेन्यू रंगाची माहिती कमी करून ९ गिगाबिटच्या आत बसत होता, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. माझी केबल जुनी आणि लांब, कपाटामागून वळसा घालून आलेली. तिला १८ पेलत नव्हते.

खात्री करायला प्लेअरचं आउटपुट तात्पुरतं १०८० वर आणलं. ठिपके लगेच गेले. टीव्हीचा पोर्ट किंवा प्लेअर बिघडलाय असं समजून सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी एवढं करून बघावं. मग `Premium High Speed` असं लेबल असलेली, गरजेपुरतीच लांब केबल आणली. त्या लेबलच्या केबलची १८ गिगाबिटला चाचणी झालेली असते. आउटपुट परत ४के केलं, आणि मेन्यूही शांत झाला.

जुना सेट-टॉप बॉक्स आता १ नंबरला आहे. तिथे साधा फॉरमॅटच राहतो, आणि त्याला तोच हवा. साउंडबारऐवजी मध्ये एव्ही रिसीव्हर लावून त्यातून प्लेअर जोडायचा असेल, तर बऱ्याच रिसीव्हरमध्येही अशीच वेगळी सेटिंग असते. ती साध्यावर राहिली तर टीव्हीत काहीही बदललं तरी माहितीच्या बटणावर `SDR` च दिसणार.