तिसऱ्या हॉपवरचे बासष्ट टक्के

तक्रार केंद्राच्या लेखी नेट बरं की वाईट हे स्पीड टेस्ट ठरवते. मी देवगडला बसून फ्रँकफर्टमधल्या एका सर्व्हरवर काम करतो. रात्री आठ वाजले की टर्मिनलमध्ये टाइप केलेलं अक्षर उमटायला दोन-दोन सेकंद लागायचे. सकाळी सगळं सुरळीत. स्पीड टेस्ट कधीही लावा, शंभर एमबीपीएस. ती टेस्ट मुंबईतल्या जवळच्या सर्व्हरला शिवून परत येते, समुद्रापलीकडच्या वाटेशी तिचा काही संबंध नाही, हे फोनवरच्या माणसाला पटवता पटवता माझा आंब्याचा हंगाम सरला.

पॅकेटं कुठल्या वाटेने जातात ते ट्रेसराउट दाखवतं, आणि ते मुळात सोपं आहे. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो, आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसं कळवतो. म्हणून मुद्दाम आधी १, मग २, मग ३ घालून पॅकेटं सोडली की वाटेवरचे राउटर, म्हणजेच हॉप, एकेक करून आपला पत्ता देतात. विंडोजवर `tracert -d` चालतं, पण ते प्रत्येक टप्प्यावर तीनच पॅकेटं सोडतं. तेवढ्यावरून गळती मोजता येत नाही. लिनक्सवर `mtr` वापरा, ते सांगू तितकी पॅकेटं सोडून प्रत्येक हॉपची गळती मोजतं. दोनशे पॅकेटांना साधारण साडेतीन मिनिटं लागतात. खालचा आदेश, शेवटी आपल्या सर्व्हरचा पत्ता घालून, सकाळी एकदा आणि त्रास होत असताना एकदा चालवायचा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

```
mtr -rwzbc 200 192.0.2.10
```

रात्रीचं चित्र थोडक्यात असं (पत्ते बदललेत, पहिला आकडा गळतीचा, दुसरा सरासरी मिलिसेकंदांचा):

```
1  192.168.1.1     0.0%    1.2
2  10.12.0.1       0.0%    4.1
3  100.64.8.1     62.0%   19.0
4  198.51.100.9    0.0%   11.3
5  198.51.100.77   0.0%   11.8
6  203.0.113.6    14.5%  133.0
7  ???           100.0%
8  192.0.2.10     14.5%  136.4
```

आमचा केबलवाला मुलगा हे बघून खूश झाला. "दादानू, तिसऱ्या हॉपाक बासष्ट टक्के जाता. फॉल्ट गावलो!" तक्रार केंद्रानेही तेच धरून ठेवलं. तिसरा राउटर तपासला, तो ठीक आहे, तक्रार बंद. पुन्हा नोंदवली, पुन्हा तोच तिसरा राउटर, पुन्हा बंद. मध्ये एकाने मला घरचा राउटर बदलायला लावला, दुसऱ्याने केबल. पहिल्या दोन ओळी ०.०% असताना घरातली केबल बदलायची!

तिसरा राउटर ठीकच होता, त्याच्याकडे मला जायचंच नव्हतं. राउटरचं खरं काम पॅकेटं पुढे ढकलणं. 'तुमचं पॅकेट संपलं' ही चिठ्ठी लिहिणं हे त्याचं दुय्यम काम, आणि त्यावर बहुतेक ठिकाणी मर्यादा घातलेली असते. मर्यादा ओलांडली की तो उत्तर देत नाही, पण पॅकेट मात्र पुढे सोडतो. तिसऱ्यावर खरोखर बासष्ट टक्के मरत असते, तर चौथ्यावर ०.०% कसं दिसलं असतं? चौथ्याकडे जाणारं प्रत्येक पॅकेट तिसऱ्यातूनच जातं. सातव्या ओळीतला राउटर तर चिठ्ठी लिहितच नाही. त्याच्या पलीकडचा आठवा बोलतो म्हणजे वाट उघडी आहे. गळती जिथे सुरू होते आणि शेवटच्या ओळीपर्यंत टिकते, तीच खरी. इथे ती सहाव्यावर सुरू होते.

पाचव्यावरून सहाव्यावर वेळ ११ वरून थेट १३३ होते, त्यावरूनही एका सुपरवायझरने 'फॉल्ट' काढला होता. तो फॉल्ट नाही, समुद्र आहे. पाचवा राउटर मुंबईत, सहावा मार्सेयला. नावात `mrs` दिसत होतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य अशी वळणं घेत जाते, तेव्हा शंभराच्या वर वेळ लागणारच. सकाळी शेवटच्या ओळीवर १२१ यायचे आणि रात्री १३६. कामाचे आहेत ते हे वरचे पंधरा. वेळ वाढते आणि सोबत पॅकेटंही गळतात, म्हणजे कुठल्यातरी लिंकवर रांग लागली आहे आणि रांग भरल्यावर उरलेली पॅकेटं फेकली जाताहेत.

पण कुठल्या लिंकवर? देवगडहून कोल्हापूरला जाताना गगनबावड्यावरून जावं आणि येताना राधानगरी-फोंड्यावरून यावं, तसं पॅकेटांचंही होतं. ट्रेसराउट फक्त जाण्याची वाट दाखवतं. उत्तरं कुठून परत आली ते दाखवत नाही. मुंबईतल्या पाचव्या राउटरचं उत्तर देशातल्या देशात फिरतं. सहाव्याचं उत्तर समुद्रापलीकडून येतं. तेव्हा सहाव्यावर दिसणारी गळती परतीच्या लिंकवरचीही असू शकते, आणि माझ्याकडून कितीही ट्रेस काढले तरी त्याचा निकाल लागत नाही.

निकाल सर्व्हरवर बसून लागला. तिथे `echo $SSH_CLIENT` केलं की आपण बाहेर कुठल्या पत्त्याने दिसतो ते कळतं. माझ्या राउटरला सार्वजनिक पत्ता नाही, कंपनीचा एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे, पण या कामाला तेवढा पुरतो. तो पत्ता घालून सर्व्हरवर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं हे लावून ठेवलं आणि घरून दोनशे पिंग सोडले:

```
sudo tcpdump -n icmp and host 198.51.100.200
```

दोनशेच्या दोनशे फ्रँकफर्टला पोचले. सर्व्हरने दोनशे उत्तरं पाठवली. घरी आली १७१. जाणारी वाट निर्दोष, मरण परतीच्या वाटेवर. मग सर्व्हरवरून माझ्या त्याच पत्त्याकडे `mtr` काढला. मधल्या वाटेत पॅकेटं वाहून नेणाऱ्या विदेशी कॅरियरच्या मुंबईतल्या शेवटच्या राउटरपर्यंत ०.०%, आणि तो आमच्या कंपनीकडे पॅकेटं सोपवतो त्या पुढच्याच ओळीपासून चौदा-पंधरा टक्के.

हे तक्रार केंद्राला पाठवण्यात अर्थ नव्हता. `-z` मुळे प्रत्येक ओळीत एएस नंबर, म्हणजे तो राउटर कुणाच्या नेटवर्कमधला आहे त्याचा क्रमांक, येतो. आपल्या कंपनीचा नंबर घेऊन `whois` केलं की नेटवर्क चालवणाऱ्यांचा ईमेल मिळतो. दोन्ही दिशांचे ट्रेस, सकाळचे आणि रात्रीचे, वेळेसकट, आणि ते २०० विरुद्ध १७१. स्पीड टेस्टचा उल्लेखही केला नाही. दुसऱ्या दिवशी एका इंजिनिअरचं दोन ओळींचं उत्तर आलं: त्या कॅरियरकडून येणारी लिंक रात्री भरते, आमचे पत्ते दुसऱ्या अपस्ट्रीमकडून जाहीर करतो. अपस्ट्रीम म्हणजे कंपनीला बाहेरच्या नेटशी जोडून देणारा कॅरियर. येणारी वाट कंपनी थेट ठरवू शकत नाही. आपले पत्ते कुठून कसे जाहीर करायचे एवढंच तिच्या हातात असतं. त्या रात्री सर्व्हरवरच्या ट्रेसमध्ये मधल्या कॅरियरचं नाव बदललेलं होतं, आणि शेवटच्या ओळीवर १२४ आणि ०.०%.

आणि हो, ईमेलच्या उत्तराची वाट बघत असताना काम अडू नये म्हणून मुंबईत एक छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन `ssh -J` ने त्याच्यामार्फत फ्रँकफर्टला जात होतो. घर ते मुंबई देशातल्या देशात, पुढे त्या सर्व्हरवाल्याची स्वतःची वाट, त्यामुळे भरलेली लिंक टळली. हे आधी करून बघा. त्याने त्रास गेला, तर दोष तुमच्या कंपनीच्या विदेशी जोडणीत आहे हे ट्रेस काढायच्या आधीच कळतं. मात्र वेळ अचानक अडीचशेच्या पुढे गेली, तर आधी बातम्या बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा युरोपचा ट्रॅफिक लांबच्या वाटांनी वळवावा लागला होता, आणि त्यावर कुठल्याही इंजिनिअरला ईमेल करून उपयोग नसतो.