सकाळच्या विड्या घट्ट, दुपारच्या सैल

मे महिन्यातली दुपार होती. सोलापूरचं ऊन ऐन भरात होतं. एक मावशी आपल्या लेकीसोबत ईएमजीच्या, म्हणजे नसा आणि स्नायूंच्या विद्युत तपासणीसाठी आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, आयुष्यभर विड्या वळलेल्या. डावी पापणी निम्म्या बुबुळावर उतरलेली. आधीच्या चिठ्ठीवर ‘अशक्तपणा, रक्त कमी’ एवढंच लिहिलेलं, आणि तीन महिने टॉनिकवर गेलेले.

लेक म्हणाली, “मॅडम, आईच्या सकाळच्या विड्या अगदी घट्ट असतात. दुपारनंतर दोराच आवळत नाही. कारखान्यात निम्म्या परत येतात. पण तासभर पडून उठली की पुन्हा नीट वळते.”

माझं निम्मं निदान त्या वाक्यात झालं होतं: मायस्थेनिया ग्रॅव्हिस. रक्त कमी असलेल्या माणसाला दिवसभर थकवा जाणवतो. इथे मात्र वापरलेला स्नायू दमत होता आणि विश्रांतीने परत येत होता. मी मावशींना छताकडे एकटक बघायला सांगितलं. मिनिटभरात उजवी पापणीही खाली सरकू लागली.

समोरच्या रसवंतीतून बर्फ मागवला, हातमोज्यात भरला आणि मिटलेल्या डाव्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला तेव्हा पापणी चार मिलिमीटर वर आली होती. दोन मिलिमीटरचा फरकही पुरेसा मानतात. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “एवढ्या दिवसांनी डोळा उघडा दिसला हो,” म्हणाली.

मग मशीनची तपासणी, आणि तिथे मी जवळजवळ चुकले. मनगटाजवळ नसेला सेकंदाला तीन या वेगाने दहा झटके दिले आणि करंगळीच्या बाजूच्या स्नायूचा प्रतिसाद मोजला. पहिल्या आणि चौथ्या प्रतिसादात फरक फक्त 4 टक्के. दहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तरच ती दोषाची खूण मानतात. क्षणभर मन डळमळलं. मग मावशींचा हात हातात घेतला तर तो गार! खोलीतला एसी सकाळपासून चालू होता. ज्या थंडाव्याने पापणी उचलली, त्यानेच हातातला दोष झाकला होता. गरम पाण्याच्या पिशवीने हात शेकला, त्वचेचं तापमान 34 अंशांवर आणलं आणि पुन्हा झटके दिले. आता घट 17 टक्के. मग मिनिटभर बोटं जोरात फाकवायला लावली आणि तीन मिनिटांनी परत मोजलं, तर 24.

लेकीला कागदावर चित्र काढून समजावलं. नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये बारीक फट असते. नसेतून संदेश आला की तिच्या टोकातून अॅसिटिलकोलिन या रसायनाच्या सूक्ष्म पुड्या फुटतात. ते पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरना लागतं, रिसेप्टरचं दार उघडतं, सोडियम आत शिरतं आणि स्नायू आकसतो. एकामागून एक संदेश आले की दर वेळी थोड्या कमी पुड्या फुटतात. हे तुमच्या-माझ्याही शरीरात होतं. पण आपल्याकडे रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून ही घट कळतच नाही. मावशींच्या शरीरात त्यांच्याच प्रतिकारशक्तीने बनवलेल्या अँटिबॉडी याच रिसेप्टरवर हल्ला करतात. काही नष्ट होतात, काही पेशीच्या आत ओढले जातात. ती जास्तीची शिल्लक उरतच नाही. पहिल्या संदेशाला काम कसंबसं होतं, पण पुड्या थोड्या घटल्या की कित्येक स्नायूतंतू संदेश घेईनासे होतात. सकाळी घट्ट दोरा, दुपारी सैल, तो असा. थंडीत अॅसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम मंदावतं, उरलेल्या रिसेप्टरना ते जास्त वेळ मिळतं, म्हणून बर्फाने पापणी उठली.

“म्हणजे हिच्या हातात ताकद आहे, पण निरोप पोचत नाही?” लेकीने विचारलं. मी मान हलवली.

रक्तात अॅसिटिलकोलिन रिसेप्टरच्या अँटिबॉडी सापडल्या. थायमस ग्रंथीत गाठ आहे का हे पाहायला छातीचा सीटी स्कॅन केला; गाठ नव्हती. पायरिडोस्टिग्मिनची 60 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा सुरू केली. ही गोळी तेच एन्झाइम रोखते, रिसेप्टर परत आणत नाही. अँटिबॉडींचं बघायला स्टेरॉइड लागतं. ते मी थोड्या मात्रेने सुरू केलं, कारण पहिल्या काही आठवड्यांत त्याने अशक्तपणा वाढूही शकतो. गिळताना ठसका लागला किंवा श्वास अपुरा वाटला तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखान्यात यायचं, हे लेकीकडून दोनदा म्हणवून घेतलं. कुठल्याही डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिलं तर आधी हा आजार सांगायचा, हेही.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या तेव्हा पापण्या वर होत्या. पिशवीतून त्यांनी दोन विडी बंडलं काढून टेबलावर ठेवली.

“हे गोळी घेतल्यावर तासाभराचं, आणि हे चार तासांनंतरचं. हात लावून बघा, मॅडम.”

मी दोन्ही दाबून पाहिली. दुसरं सैल होतं. दुपारच्या गोळीची वेळ तासभर अलीकडे आणली.