आमची वाटचाल: हंगामी निर्देशांक, एप्रिलचा 190 आणि जुलैचा 45

कांदा-लसूण मसाला आणि चकलीची भाजणी एवढ्या दोन मालांवर आमचा कारखाना उभा आहे. मसाल्याचा धंदा मार्च ते मे. भाजणी दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे. पावसाळ्यात कांडप यंत्र अर्धा दिवस बंद असते, तेव्हा आम्ही जाते टाकवून घेतो, चाळण्या बदलतो, पट्टे ताणून घेतो. या व्यवसायातल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. मात्र कर्ज देणाऱ्याला सांगावे लागते, आणि 2023 साली सांगूनही पटले नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये बँकेच्या अधिकाऱ्याने आमचे विक्रीपत्रक उघडले. एप्रिलची विक्री 4,180 किलो, जुलैची 990. ‘तीन महिन्यांत धंदा एक चतुर्थांशावर आला’ असा शेरा मारून कॅश क्रेडिटची मर्यादा खाली आणली. डाळी आणि तांदूळ उचलायचे दिवस आले होते आणि हातात पैसा नव्हता. उधारीवर माल देणारे अडतेही मागे सरकले, कारण बँकेने हात आखडला ही बातमी मार्केट यार्डात दुसऱ्या दिवशी पोचते. तेवढ्या एका शेऱ्याने कारखाना बंद पडायच्या बेताला आला होता. ती गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

आमचे उत्तर कागदावर तयार होते. हंगामी निर्देशांक म्हणजे त्या महिन्याची विक्री वर्षाच्या मासिक सरासरीच्या किती टक्के, एवढेच. वर्षाची एकूण विक्री बाराने भागायची, प्रत्येक महिन्याची विक्री त्या सरासरीने भागून शंभराने गुणायची. संगणकावर महिन्यांची विक्री B2 ते B13 मध्ये असेल तर पहिल्या ओळीत हे लिहून खाली ओढा:

```
=B2/AVERAGE(B$2:B$13)*100
```

बारा आकड्यांची बेरीज 1200 आली पाहिजे, नाही आली तर एखादा महिना चुकला आहे. असे निदान तीन वर्षांचे काढून त्या-त्या महिन्याची सरासरी घ्यायची. आमचा एप्रिल येतो 190, मे 150, जुलै 45. यात 2020 आणि 2021 घेतलेले नाहीत. टाळेबंदीत ऐन मिरचीच्या दिवसांत विक्री विस्कटली होती, त्या वर्षांचा एप्रिल हंगाम सांगत नाही, महामारी सांगतो.

आता तुलना करायची तर प्रत्यक्ष विक्रीला त्या महिन्याच्या निर्देशांकाने भागून शंभराने गुणायचे. एप्रिल: 4,180 भागिले 190, गुणिले 100, म्हणजे 2,200 किलो. जुलै: 990 भागिले 45, गुणिले 100, तेही 2,200. दोन्ही महिने एकाच पातळीवर, आणि आदल्या वर्षीची मासिक सरासरी होती 2,000. धंदा दहा टक्के वाढलेला होता.

हे शक्य झाले ते किलोमुळे. कराडचे एक किराणा दुकानदार, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, पहिल्या वर्षापासून आमचा माल घेतात आणि त्यांच्या वहीत रक्कम नंतर, वजन आधी असते. त्यांचे पाहून आम्हीही विक्री किलोत लिहू लागलो. रुपयात निर्देशांक काढला तर ब्याडगी मिरचीचा भाव चढला की पुढचे सगळे महिने फुगतात आणि भाववाढीलाच आपण हंगाम समजून बसतो. मर्यादा घटल्यावर भाजणीची आगाऊ रक्कम मोजली तीही काकांनीच. डाळ त्या पैशांवर आली.

एवढ्यावर त्रास संपला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच अधिकाऱ्याने पुन्हा पत्रक मागवले. या वेळी तुलना एप्रिलशी नव्हती, ‘गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी’ होती, जी बहुतेकांना बिनधोक वाटते. ऑक्टोबर 2022 मध्ये 3,300 किलो, ऑक्टोबर 2023 मध्ये 2,090. सदतीस टक्के घट!

लक्ष्मीपूजन 2022 साली 24 ऑक्टोबरला होते. 2023 साली अधिक श्रावण आला, सण पुढे गेले आणि लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला आले. पहिल्या वर्षी भाजणीचे तीनही आठवडे ऑक्टोबरात पडले, दुसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त दिवस नोव्हेंबरात. म्हणून 2022 चा ऑक्टोबर 165 आणि नोव्हेंबर 55, तर 2023 चे तेच महिने 95 आणि 125. यांची सरासरी 130 आणि 90 निघते, आणि ती दोन्हींपैकी एकाही वर्षाला लागू पडत नाही. बेरीज मात्र दोन्ही वर्षी 220. तेव्हा दिवाळीचा माल विकणाऱ्याने हे दोन महिने एकत्र धरावेत. 2022 ची जोडी 4,400 किलो, 2023 ची 4,840. पुन्हा दहा टक्के वाढ, एप्रिल-जुलैने सांगितलेलीच. हा कागद नोव्हेंबर सरल्यावर बँकेत दिला. मर्यादा पूर्ववत झाली, शेरा खोडला गेला नाही.

आणखी एक गोष्ट नोव्हेंबरला खोटे पाडते: परत आलेला माल. दिवाळीनंतर दुकानदार उरलेली भाजणी परत करतात आणि तिची जमा नोंद नोव्हेंबर-डिसेंबरच्या विक्रीतून वजा होते. निर्देशांकासाठी ती ज्या महिन्यात माल गेला त्याच महिन्यातून वजा करावी. जीएसटीच्या पत्रकात तसे करता येत नाही, म्हणून निर्देशांकाची वही वेगळीच ठेवावी. मार्चअखेर वितरक टार्गेट गाठण्यासाठी एप्रिलचा माल 31 तारखेला बिलात घालतात, तिथेही तसेच. दुकानात माल कधी गेला ते पाहावे, बिल कधी फाटले ते नव्हे.

मसाला आणि भाजणी यांचे निर्देशांकही आता आम्ही वेगळे काढतो. एकत्र आकड्यात भाजणीचा वाटा वाढला की एप्रिल आपोआप घसरतो, आणि मसाल्याची मागणी कमी झाली असे वाटून माणूस मिरची कमी उचलतो. संकेश्वरी मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये हुकली की मग मिळेल त्या मालाने रंग आणि तिखट जुळवत बसावे लागते. ज्यांचा धंदा वर्षात तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतो त्यांनी साधी वार्षिक सरासरी वापरू नये. वाढीमुळे डिसेंबर उगाच मोठा आणि जानेवारी उगाच लहान दिसतो. बारा महिन्यांची सरकती सरासरी काढून तिने भागावे.

2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. मसाल्याचा हंगाम त्याने हलत नाही, तो उन्हावर चालतो. भाजणीचे तीन आठवडे 18 ऑक्टोबरपासून, म्हणजे दोन ऑक्टोबरात, एक नोव्हेंबरात. दिवाळी ऑक्टोबरअखेरीस असते त्या वर्षांपेक्षा डाळीची खरेदी आठवडाभर उशिरा चालेल. बँकेला द्यायच्या पत्रकात ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकाच ओळीत लिहिणार आहोत, समोर निर्देशांक 220.