तुमचा लांबलचक मेसेज इकडे कानाने वाचला जातो तेव्हा

आईने लिहून पाठवलेली कटाच्या आमटीची कृती किंवा मामांनी पाठवलेला अग्रलेख इकडे परदेशात बऱ्याचदा डोळ्यांनी वाचला जात नाही. हात कणकेत असतात, किंवा स्टेशनापर्यंत वीस मिनिटं चालायचं असतं. मग फोनच तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. साधारण वेगाने हजार शब्दांचा लेख आठ-नऊ मिनिटांत ऐकून होतो.

सुरुवातीला एक अडचण हमखास येते. परदेशातल्या फोनची भाषा इंग्रजी किंवा जर्मन असते, आणि त्या आवाजाला देवनागरी दिली की तो गप्प तरी बसतो, नाहीतर फक्त मधले इंग्रजी शब्द वाचतो. फोन बिघडलेला नसतो, त्यात मराठी आवाज उतरवलेला नसतो. अँड्रॉइडवर Settings, Accessibility, Text-to-speech output या वाटेने जायचं. तिथे Google चं इंजिन निवडायचं आणि शेजारच्या चक्रातून Install voice data मधला मराठी आवाज घ्यायचा. फोन बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं इंजिन निवडलेलं असेल, तर यादीत मराठी दिसेलच असं नाही. आवाज उतरल्यावर भाषाही तिथेच मराठी करायची आणि Accessibility मधलं Select to Speak चालू करायचं. आयफोनवर Accessibility मध्ये Spoken Content (नव्या आवृत्तीत Read & Speak) उघडून मराठी आवाज उतरवायचा आणि Speak Screen चालू करायचं. मग दोन बोटं पडद्याच्या वरून खाली ओढली की वाचन सुरू होतं. आवाज वायफायवरच उतरवून ठेवावा, म्हणजे भुयारी रेल्वेत नेट गेलं तरी वाचन थांबत नाही.

पुढची गडबड अशी की लिपी एकच असल्यामुळे मजकूर छोटा असेल तर फोन मराठीला हिंदी समजू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: 'डाळ'चा ळ नीट येत नाही आणि 'चमचा'तला च 'चार'मधल्या चसारखा ऐकू येतो. असं झालं तर आवाजाची भाषा हाताने मराठी करावी.

बातम्यांच्या साइटवर थेट वाचायला लावलं, तर प्रत्येक परिच्छेदानंतर 'हेही वाचा' आणि जाहिरातीचं शीर्षकही ऐकावं लागतं. सफारीत आधी Reader उघडावा आणि मग दोन बोटं ओढावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मेसेज 'Read more'पाशी कापलेला असतो, तो आधी उघडावा लागतो. त्याहून बरं म्हणजे मेसेज कॉपी करून नोट्समध्ये टाकावा. मात्र चार-पाच मेसेज एकदम कॉपी केले, तर प्रत्येकाआधी तारीख, वेळ आणि नावही येतं. ते पुसलं नाही तर तेही वाचलं जातं.

बाकीचं तुमच्या हातात आहे. रोमन लिपीतलं 'ambat god amti' इंग्रजी आवाज अगम्य करून टाकतो. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो तर हे आवाज सहसा वाचतच नाहीत. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफमधून कॉपी केलं, तर देवनागरीऐवजी भलतीच रोमन अक्षरं निघतात, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो. शेवटी दहा नमस्कार जोडले, तर त्या चित्रांची नावंही एकेक करून ऐकावी लागतात. ठळक अक्षरांसाठी घातलेले तारेही काही आवाज उच्चारतात.

कृतीचंच उदाहरण घ्या. नेहमीचा मेसेज असा असतो:

'कट ४ वाटी, गूळ १ टे.स्पू., गोडा मसाला १/२ टे.स्पू. सर्व घालून उकळणे.'

यातल्या प्रत्येक टिंबाला आवाज वाक्य संपल्यासारखा थांबतो आणि '१/२' कधी 'एक दोन' असंच म्हणतो. शिवाय ऐकणाऱ्याला वरची यादी पुन्हा पाहता येत नाही. फोडणी तडतडत असताना मसाला किती हे आठवत बसावं लागतं. म्हणून प्रमाण त्या त्या पायरीतच अक्षरांत लिहा:

'तूप तापवून मोहरी, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी करा. त्यात चार वाट्या कट ओता. आता एक मोठा चमचा गूळ घाला. मग अर्धा मोठा चमचा गोडा मसाला घाला. चवीपुरतं मीठ आणि चिंचेचा कोळ घालून पाच मिनिटं उकळू द्या.'

एका वाक्यात एकच काम, आणि प्रत्येक पायरीनंतर कोरी ओळ, म्हणजे थांबवून पुन्हा सुरू करताना जागा सापडते. कृती ऐकताना वेग वाढवू नये. शेगडीवरचा पंखा चालू असला की स, श आणि ष त्याच्या घरघरीत बुडतात. आवाज मोठा करण्यापेक्षा फोन पंख्यापासून दूर, कानाच्या उंचीवर ठेवलेला बरा. फोन झिपच्या पातळ पिशवीत घातला, तर पिठाच्या बोटांनीही थांबवता येतो.

चालताना लेख सव्वापट वेगाने ऐकला तरी समजतो, पण एकच इअरफोन लावावा. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये सायकलींची वाट फुटपाथला अगदी खेटून जाते आणि मागून येणारी घंटी दोन्ही कान बंद असतील तर ऐकू येत नाही.