पिवळं कार्ड आणि निळी जागा

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून आमची गाडी दार पूर्ण उघडेल अशाच जागी थांबते. व्हीलचेअर सीटला चिकटून उभी राहिली तरच तिला उचलता येतं. दिव्यांगांची पार्किंगची जागा 3.6 मीटर रुंद आणि दारापासून 30 मीटरच्या आत हवी, असं नियमावलीत आहे ते त्यासाठीच. शेजारी तिरपे पट्टे मारलेली जागा म्हणजे काही उरलेली फरशी नव्हे, व्हीलचेअर तिथेच उभी राहते.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढणं सोपं गेलं. अर्ज swavlambancard.gov.in वर केला, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात तपासणी झाली, दिव्यांगत्व 65 टक्के असं लिहून मिळालं. गाडी अडली ती पणजीतल्या एका सरकारी इमारतीत.

पेन्शनच्या कामासाठी आईची सही हवी होती. दिव्यांगांसाठी निळ्या रंगाने आखलेल्या जागेत एक मोठी गाडी, आणि पट्ट्यांवर चार स्कूटर, त्यातल्या दोन भाड्याच्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. वॉचमनला कार्ड दाखवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "बाब, हे पिवळं. ही जागा निळ्या कार्डाची."

मी हसलोच. कार्डावरचा पिवळा रंग 40 ते 79 टक्के दिव्यांगत्वाचा, निळा 80 आणि त्यापुढचा. 40 च्या खाली पांढरा. जमिनीवरच्या निळ्या रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण हे भर उन्हात समजावून सांगायचं कुणाला? मग त्याने दुसरा मुद्दा काढला: "गाडी अपंगांची नाही ना, साधीच आहे." म्हणजे हँडलने चालणारी नाही! गाडी कशी आहे हा प्रश्नच नाही. दिव्यांग माणूस स्वतः चालवत असेल किंवा नुसता बसलेला असेल, जागा त्या माणसासाठी आहे. त्या गोंधळात आई चाळीस मिनिटं गाडीत बसून राहिली. तिला मी त्या दिवशी घरी परत नेलं.

जाण्याआधी फोटो काढले. (यातलं एक तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं: नंबरप्लेट, व्हीलचेअरचं चिन्ह आणि शक्य असेल तर फलक, तिन्ही एकाच चौकटीत घ्या. माझ्या पहिल्या फोटोत चिन्ह चाकाखाली दडलं होतं.) वाहतूक पोलिसांकडे गेलो. हवालदार सज्जन होता, पण म्हणाला, "आवारातलं आमच्याकडे येत नाही, आणि तिथे फलक कुठे आहे? नुसत्या रंगावर चलन कसं फाडू?" पहिलं म्हणणं मला पटलं नाही, कारण मोटार वाहन कायद्यात लोकांना जायचा हक्क असलेली जागा सार्वजनिकच. फलकाचं मात्र खरं होतं. रंग उडालेला, फलक नाही, अशा ठिकाणी गाडीवाला "दिसलंच नाही" म्हणून मोकळा होतो.

दंडही मला वाटला होता तसा एकच नाही. चुकीच्या पार्किंगवर साधारणपणे मोटार वाहन कायद्याचं 177 कलम लागतं, पहिल्यांदा 500 पर्यंत, पुन्हा केल्यास 1500 पर्यंत. एवढ्यावर मोठी गाडी कशाला हलेल? दिव्यांग हक्क कायदा 2016 चं 89 कलम जड आहे, पहिल्या उल्लंघनाला 10,000 पर्यंत, पुढच्याला 50,000 ते 5 लाख. माझ्या मते ते स्कूटरवाल्यापेक्षा जागा राखायची जबाबदारी झटकणाऱ्यांना धाक दाखवायला बरं. आणि खोटं कार्ड दाखवून सवलत लाटणाऱ्याला 91 कलमाखाली 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून मी तक्रारीची दिशा बदलली. गाडीच्या मालकाविरुद्ध नव्हे, इमारतीच्या व्यवस्थापनाविरुद्ध राज्य दिव्यांग आयुक्तांकडे साधं पत्र दिलं: फोटो, तारीख, वेळ, कार्डाची प्रत, आणि मागणी एकच, फलक लावा आणि पट्टे मोकळे ठेवा. आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाला त्यावर काय केलं ते 3 महिन्यांत कळवावं लागतं, आणि शिफारस नाकारली तर कारणही द्यावं लागतं. पत्राची पोच घ्या, शिक्क्यासकट. मी पहिल्यांदा घेतली नाही आणि दोन आठवडे "पत्र मिळालंच नाही" ऐकलं.

अडीच महिन्यांनी गेलो तर फलक होता, रंग ताजा, पट्ट्यांवर दोन प्लास्टिकचे खांब. मी टेप घेऊनच गेलो होतो, मोजलं. वॉचमन तोच. त्याने आईकडे पाहून स्वतःच खांब बाजूला केले.

परवा भावाने विचारलं, "आईचं कार्ड दे ना, पणजीत पार्किंग मिळत नाही." आई म्हणाली, "मला घेऊन जा, मग देते."